शाळा एक किलोमीटरच्या आत आहे, पण मधला रस्ता मुलाला ओलांडता येतो का?

पहिलीचा प्रवेश म्हटलं की घराघरात चर्चा होते ती माध्यमाची, फीची आणि बोर्डाची. अंतराचा विषय निघतो तेव्हा "जवळच आहे" एवढ्यावर तो संपतो. कायदाही अंतराचीच भाषा बोलतो. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि त्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असं परिसरातल्या शाळेचं माप ठरलं. महाराष्ट्रात २५ टक्के राखीव जागांचे ऑनलाइन अर्ज भरताना पालक नकाशावर घराच्या जागी बलून ठेवतात, आणि घर ते शाळा हे अंतर निवडीत निर्णायक ठरतं.

याच एका किलोमीटरवरून २०२४ मध्ये राज्यात मोठा वाद झाला. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्क्यांच्या सक्तीतून सूट देणारा बदल सरकारने फेब्रुवारीत केला. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, जुलैमध्ये तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयातही तोच निर्णय कायम राहिला. या सगळ्या गदारोळात एक किलोमीटर हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. पण त्या एका किलोमीटरमध्ये चौपदरी रस्ता आहे, नाला आहे की रेल्वे फाटक आहे, हे तो आकडा सांगत नाही.

गंमत म्हणजे कायदा करणाऱ्यांना ही अडचण माहीत होती. केंद्राच्या २०१० च्या नियमांत शाळा "चालत जाण्याच्या अंतरात" असावी असे शब्द आहेत. त्यापुढे असंही म्हटलंय की जिथे रस्ते नाहीत, पूर किंवा दरडीचा धोका आहे, किंवा घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर लहान मुलांना धोका आहे, तिथे सरकारने हे अंतर कमी करून शाळा अशा जागी द्यावी की तो धोका टळेल. म्हणजे वाटेवरचा धोका हा अंतर ठरवण्याचा निकष आहेच. प्रवेश अर्जातल्या नकाशात मात्र तो कुठे दिसत नाही, त्यामुळे तो मोजण्याचं काम पालकांवर येतं.

नकाशावरचं अंतर आणि पायाखालचं अंतर

नकाशावर दोन ठिपके सरळ रेषेने जोडले की अंतर कमी दिसतं. प्रत्यक्षात सोसायटीच्या भिंतीला वळसा घालावा लागतो, दुभाजक जिथे उघडतो तिथपर्यंत चालावं लागतं, नाल्यावरचा पूल शोधावा लागतो. सरळ रेषेत ६०० मीटर असलेली शाळा पायी ९०० मीटर भरणं ही शहरात रोजची गोष्ट आहे. फोनवरच्या नकाशात "पायी" हा पर्याय निवडला तर अंदाज बराच सुधारतो. तरीही नकाशा कधी बंद गेटमधून वाट दाखवतो, तर कधी दुभाजकावरून माणूस सहज पलीकडे जाईल असं गृहीत धरतो. म्हणून एकदा स्वतः चालून पाहण्याला पर्याय नाही.

चालताना वेळ कोणाच्या पावलांनी मोजायची हेही ठरवावं लागतं. मोठा माणूस मिनिटाला ऐंशी मीटर सहज चालतो. सहा वर्षांचं मूल, पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली आणि वाटेत कुत्र्याचं पिल्लू दिसलं की थांबणं, हे सगळं धरलं तर मिनिटाला पन्नास मीटर हा हिशोब वास्तवाच्या जवळ जातो. म्हणजे एक किलोमीटरला वीस मिनिटं. घाईघाईत बारा मिनिटांत गाठलेली शाळा मुलासाठी बारा मिनिटांवर नसते. आणि उशीर झाला की मोठी माणसंही रस्ता जिथून ओलांडू नये तिथूनच ओलांडतात.

रस्ता ओलांडण्याचा हिशोब

अंतरापेक्षा जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाटेत किती रस्ते ओलांडावे लागतात आणि ते कसे आहेत. हा हिशोब करायला इंजिनिअर असावं लागत नाही. फोनमधलं स्टॉपवॉच पुरतं.

समजा रस्त्याच्या एका बाजूची रुंदी साडेदहा मीटर आहे, म्हणजे तीन गाड्या शेजारी शेजारी जातील एवढी. मुलाचा ओलांडण्याचा वेग सेकंदाला ०.९ मीटर धरला तर ते जवळपास बारा सेकंद रस्त्यावर असतं. "चल" म्हटल्यापासून पहिलं पाऊल पडेपर्यंत दोन सेकंद जातात. एकूण चौदा सेकंद. ४० किमी वेगाने येणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. चौदा सेकंदांत ती दीडशे मीटर पुढे येते. याचा अर्थ पाऊल टाकताना त्या बाजूला दीडशे मीटर रस्ता मोकळा हवा आणि तो तेवढ्या लांबपर्यंत दिसायलाही हवा. वळण, उड्डाणपुलाचा उतार किंवा थांबलेली बस मध्ये असेल तर दीडशे मीटर दिसतच नाहीत, मग गाडी नाही असं समजून चालणं म्हणजे नुसता अंदाज.

वेग वाढला की हे गणित पार बदलतं. त्याच जागी गाड्या ५० च्या वेगाने येत असतील तर १९० मीटरच्या वर मोकळी जागा लागते. इथेच बऱ्याच पालकांचा अंदाज चुकतो. सकाळी नऊ वाजता रस्ता तुंबलेला दिसतो म्हणून तो धोक्याचा वाटतो, आणि दुपारी दीड वाजता रिकामा दिसतो म्हणून सोपा वाटतो. प्रत्यक्षात कोंडीत मोठ्या गाड्या हळू असतात, तिथे भीती असते ती गाड्यांच्या फटीतून सुळकन येणाऱ्या दुचाकीची. दुपारी गाड्या कमी असतात, पण त्या सुसाट येतात. दोन्ही वेळचा धोका वेगळा आहे, म्हणून दोन्ही वेळा उभं राहून पाहावं लागतं.

गाडीवाला थांबेलच की, असंही अनेकांना वाटतं. चालकाला मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला आणि रस्ता कोरडा असला, तर ३० च्या वेगाची गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० च्या वेगाची गाडी थांबायला २८ मीटरच्या आसपास घेते. पार्क केलेल्या टेम्पोमागून मूल अचानक बाहेर आलं तर २८ मीटर कुठून आणायचे?

यात मुलाच्या डोळ्यांचाही प्रश्न आहे. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना ताशी २० मैलांपेक्षा, म्हणजे साधारण ३२ किमीपेक्षा जास्त वेगाने जवळ येणारी गाडी नीट ओळखता येत नाही. गाडी डोळ्यांत मोठी होत जाते, तो बदल त्यांच्या मेंदूला वेळेत कळत नाही. म्हणून "दोन्हीकडे बघून जा" ही शिकवण गल्लीत पुरते, मोठ्या रस्त्यावर पुरत नाही. मुलाने बघितलेलं असतं, पण त्याला ती गाडी उभी आहे असंच वाटू शकतं. चौथी-पाचवीतलं हुशार, जबाबदार मूलही याला अपवाद नाही. मोठा रस्ता त्या वयात एकट्याने ओलांडू द्यायचा की नाही, हा विश्वासाचा प्रश्न करून उपयोग नाही.

पंधरा मिनिटं उभं राहिल्यावर काय कळतं?

शाळेच्या वेळेला, जिथून रस्ता ओलांडायचा तिथे पंधरा मिनिटं उभं राहायचं. एक गाडी समोरून गेली की स्टॉपवॉच सुरू, पुढची आली की बंद. वरच्या उदाहरणातल्या रस्त्याला चौदा सेकंदांची फट लागते. तेव्हा पंधरा मिनिटांत अशा फटी किती मिळाल्या ते मोजायचं. पंधरा-वीस मिळाल्या तर सरासरी मिनिटभरात संधी येते. तीनच मिळाल्या तर पाच-पाच मिनिटं थांबावं लागणार. वाहतूक अभियांत्रिकीत असं मानतात की साधारण अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबावं लागलं की पादचाऱ्याचा धीर सुटतो आणि तो अपुऱ्या फटीत घुसतो. हे मुलांइतकंच मोठ्यांनाही लागू आहे. रोज सकाळी पाच मिनिटं शांतपणे थांबू, असं ठरवणारे पालक आठवड्याभरात हात दाखवत गाड्यांसमोर उतरायला लागतात.

सिग्नल असेल तर काम सोपं होतं, पण तिथेही हिरव्या माणसाचे सेकंद मोजावेत. आपल्याकडे पादचारी सुविधांच्या मानकांत, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत, चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटर रुंद रस्त्यासाठी तो वेग वीस सेकंद देतो. मुलाला सत्तावीस लागतात. मध्ये थांबायला पुरेसा रुंद दुभाजक असेल तर अर्धा रस्ता एकदा आणि अर्धा पुढच्या सिग्नलला, असं करता येतं. दुभाजक फूटभर रुंदीचा असेल तर तिथे आजी, नात आणि दप्तर एकत्र मावत नाहीत. डावीकडे मोकळं वळण असलेल्या चौकात हिरवा माणूस लागलेला असतानाही डावीकडून गाड्या येतच राहतात, हेही उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

पादचारी पूल हा उपाय कागदावर छान दिसतो. रस्त्यावरून उंच गाड्या जाव्यात म्हणून तो साडेपाच-सहा मीटर उंच बांधावा लागतो, म्हणजे एका बाजूला चाळीसेक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. गुडघे दुखणारी आजी महिन्याभरात खालूनच जायला लागते. मूल आजीसोबतच जातं.

तीन शाळा आणि एक कुटुंब

हे सगळं एकत्र कसं पाहायचं, यासाठी एक काल्पनिक पण ओळखीचं वाटेल असं कुटुंब घेऊ. पुण्याच्या एका उपनगरात राहणारं. वडील कंपनीत पहिल्या पाळीला, पहाटेच बाहेर पडतात. आई एका दुकानात हिशोब पाहते, दहाला पोहोचावं लागतं. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार. शाळेत न्यायला-आणायला मुख्यतः आजी.

पहिली शाळा सरळ रेषेत ५५० मीटरवर, मुख्य रस्त्याच्या पलीकडे, २५ टक्क्यांच्या यादीतली. सिग्नलवरून वळसा घालून पायी ९०० मीटर, म्हणजे अठरा मिनिटं. पण सिग्नलवरून कोणी जातच नाही. घरासमोरच्या गल्लीच्या तोंडाशी दुभाजकाचे दोन दगड कोणीतरी काढलेत, सगळे तिथूनच जातात. सकाळी पावणेनऊला तिथे पंधरा मिनिटांत चौदा सेकंदांच्या तीन फटी मिळाल्या. दुपारी सुटताना फटी भरपूर, पण वेग जास्त आणि डाव्या हाताला बसथांबा, त्यामुळे थांबलेल्या बसपलीकडचं काही दिसत नाही. सिग्नलवर हिरवा माणूस वीस सेकंद.

दुसरी मनपाची शाळा, आतल्या गल्ल्यांतून १,२०० मीटर. सगळ्यात लांब, चोवीस मिनिटं. वाटेत सहा मीटर रुंदीच्या दोन गल्ल्या ओलांडायच्या. तिथला हिशोब असा की ओलांडायला सुमारे सात सेकंद आणि सुरुवातीचे दोन, असे नऊ. गाड्यांचा वेग २० च्या आत, म्हणजे पन्नास मीटर रस्ता दिसला की पुरे. एका कोपऱ्यावर मात्र पाण्याचा टँकर आणि भाजीची गाडी कायम उभी असते, तिथे दहा मीटरही दिसत नाही.

तिसरी शाळा मुख्य रस्त्याच्या याच बाजूला, ८०० मीटरवर. मोठा रस्ता ओलांडायचाच नाही, म्हणून घरात सगळ्यांना तीच आवडली. चालून पाहिल्यावर दिसलं की वाटेत पेट्रोल पंप आहे, तिथे गाड्या फुटपाथवरून आत-बाहेर करतात. पुढे मंगल कार्यालय आणि त्याचं पार्किंग. त्यापुढच्या दीडशे मीटरमध्ये फुटपाथच नाही, रस्त्याच्या कडेने चालावं लागतं, आणि वळसा टाळण्यासाठी दुचाकीवाले तिथूनच उलट्या दिशेने येतात. मानकांप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगे फुटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. या दीडशे मीटरमध्ये त्यातलं काही नाही. "रस्ता ओलांडावा लागत नाही" म्हणजे वाट सुरक्षित, असं नसतं. पंपाचं प्रत्येक तोंड हे एक ओलांडणंच आहे, फक्त तिथे झेब्रा पट्टे नसतात.

वाटेच्या बाबतीत मनपाची शाळा उजवी ठरते, लांब असूनही. पण इथे एक अडचण येते जी नकाशात दिसत नाही. आजीला सकाळी सोडून परत यायचं आणि दुपारी आणून परत यायचं, म्हणजे चार फेऱ्या. १,२०० मीटरच्या हिशोबाने रोज ४.८ किलोमीटर आणि दीड तासाहून जास्त वेळ. आजी पहिल्या आठवड्यात उत्साहाने करेल, ऑगस्टमध्ये काय? म्हणून त्या वाटेवर आणखी कोण राहतं हे शाळेत विचारून घेतलं. गल्लीतली आणखी दोन मुलं त्याच वर्गात जाणार होती. तीन घरांनी दिवस वाटून घेतले की आजीच्या वाट्याला आठवड्यातले दोनच दिवस येतात. टँकरच्या कोपऱ्यावर मोठ्या माणसाने आधी टँकरच्या कडेपर्यंत पुढे जायचं, तिथून वाकून बघायचं, मुलांनी मागे थांबायचं, असं ठरलं.

तिन्हींपैकी शिक्षण कुठे चांगलं, हा प्रश्न यात आलेलाच नाही, आणि तो महत्त्वाचा आहेच. वाटेचा हिशोब फक्त एवढं सांगतो की कुठल्या शाळेची वाट रोज निभावता येईल. पहिली शाळा शिकवण्यात फार उजवी असेल तर कुटुंब सिग्नलवरून अठरा मिनिटं चालणं आणि दुभाजकावर एकदा थांबणं स्वीकारू शकतं. मात्र ते रोज पाळावं लागेल, समोर फट दिसत असतानाही. २५ टक्क्यांच्या अर्जात शाळांची यादी भरताना हा विचार आधीच व्हायला हवा, कारण सोडतीत नाव लागल्यावर शाळा बदलून मिळेल असं गृहीत धरता येत नाही.

नऊची शाळा, सातची शाळा

वेळ हा या हिशोबातला तिसरा भाग, आणि तो अलीकडेच बदलला आहे. मुलांची झोप पूर्ण होत नाही, असा मुद्दा तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मांडला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा शासन निर्णय काढला. झोपेच्या दृष्टीने चांगलाच. पण वाटेच्या दृष्टीने त्याला दुसरी बाजू आहे. साडेआठ ते नऊ ही ऑफिसच्या गर्दीची वेळ. शाळेच्या बसमालकांनी याच कारणाने तेव्हा नाराजी व्यक्त केली होती. बसमधल्या मुलाला गर्दीचा त्रास म्हणजे उशीर, चालणाऱ्या मुलाला त्याच गर्दीतून ओलांडायचं असतं.

सातच्या शाळेचा प्रश्न वेगळा. पाचवीच्या पुढचे वर्ग अनेक ठिकाणी सकाळी सातलाच भरतात. पुण्यात जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो, मुंबईत त्याहून थोडा उशिरा. म्हणजे साडेसहाला निघालेलं मूल अंधारात चालतं, गडद रंगाच्या स्वेटरमध्ये. रस्ता रिकामा असतो आणि म्हणूनच गाड्या वेगात असतात. पूर्वेकडे दुपारच्या अधिवेशनाला हाच प्रश्न संध्याकाळी येतो. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा साडेपाचला सुटलेली शाळा म्हणजे परतीची वाट तिन्हीसांजेला. दप्तरावर चमकणारी पट्टी लावणं हा स्वस्त उपाय आहे आणि तो खरंच उपयोगी पडतो.

शेजारच्या शाळांच्या वेळाही पाहाव्यात. एकाच रस्त्यावर तीन शाळा एकदम सुटत असतील तर ती वीस मिनिटं व्हॅन, रिक्षा आणि दुचाकींची असतात. दहा मिनिटं शाळेच्या आवारात थांबून निघालं तर तीच वाट निम्म्या गर्दीत पार होते. अशी दहा मिनिटं मुलांना आत थांबू देतात का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारलेलं बरं.

जानेवारीतली वाट आणि जूनमधली वाट

शाळा पाहायला पालक जातात ते डिसेंबर ते मार्चमध्ये. रस्ते कोरडे, हवा छान. शाळा सुरू होते जूनमध्ये, राज्याच्या बऱ्याच भागात मध्यावर आणि विदर्भात थोडी उशिरा, म्हणजे बहुतेक ठिकाणी पावसासोबत. त्यामुळे प्रवेशाआधी चालून पाहिलेली वाट आणि प्रत्यक्ष वापरायची वाट या दोन वेगळ्या गोष्टी निघतात. जिथे फुटपाथ होता तिथे गुडघाभर पाणी, म्हणून सगळे रस्त्यावर. छत्रीमुळे मुलाला बाजूचं दिसत नाही, रेनकोटच्या टोपीमुळे तर मान वळवली तरी टोपीच दिसते. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

यावर एक साधा उपाय आहे. वाटेवरच्या दुकानदारांना विचारायचं. "काका, पावसात इथे पाणी कुठपर्यंत येतं?" या प्रश्नाचं उत्तर किराणावाल्याकडे किंवा पंक्चरवाल्याकडे हमखास असतं. दुकानाच्या उंबऱ्यावर बांधलेली विटांची रांग आणि भिंतीवरची पाण्याची खूण हेच सांगतात. उघड्या चेंबरची जागाही त्यांना माहीत असते.

ग्रामीण भागात ऋतूचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ओढ्यावरचा फरशी पूल पावसात पाण्याखाली जातो आणि दोन किलोमीटरची वाट सहा किलोमीटर होते. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगाम सुरू झाला की साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्यावरून जातात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नसलेल्या. जूनमध्ये सोपी वाटलेली कडेची वाट डिसेंबरमध्ये सोपी राहत नाही. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला तेव्हा गावकऱ्यांचा पहिला प्रश्न वाटेचाच होता: गाडी आली नाही त्या दिवशी मूल कसं जाणार?

वाट सुधारून घेता येते का?

थोडीफार, हो. झेब्रा पट्टे, गतिरोधक, फुटपाथवरचं अतिक्रमण आणि उघडं चेंबर हे विषय महापालिकेच्या क्षेत्रीय किंवा वॉर्ड कार्यालयाचे. सिग्नलची वेळ, शाळेच्या वेळेला पोलीस किंवा वॉर्डन, नो पार्किंग हे वाहतूक शाखेचे. पालक एकाच अर्जात सगळं लिहितात आणि तो दोन्ही कार्यालयांत फिरत राहतो, म्हणून दोन वेगळे अर्ज करणं सोयीचं. नगरपालिका आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे का, हे आधी पाहावं. तसा असेल तर ग्रामपंचायत गतिरोधक घालू शकत नाही.

शाळेची बाजूही आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. स्कूल बसविषयीच्या राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी. ती मुख्यतः बससाठी असते, पण चालत येणाऱ्या मुलांचा प्रश्न तिथे मांडायला काही आडकाठी नाही. कोणत्या मुलांची वाट मुख्य रस्ता ओलांडून येते, याची यादी बहुतेक शाळांकडे नसते. पालकांनी ती करून दिली तर वाहतूक शाखेला द्यायला शाळेकडे आकडा येतो.

अर्जात "रस्ता फार धोकादायक आहे" असं लिहिण्यापेक्षा पंधरा मिनिटांच्या मोजणीचे आकडे लिहावेत. उदाहरणार्थ, अमुक चौक, सकाळी ८.४५ ते ९, ओलांडायला लागणारा वेळ सत्तावीस सेकंद, सिग्नलचा हिरवा वेळ वीस सेकंद, या वेळेत ओलांडणारी मुलं इतकी. सिग्नलची वेळ सात सेकंदांनी वाढवणं हे वाहतूक शाखेच्या हातातलं काम आहे, त्यासाठी निविदा काढावी लागत नाही. अर्जाची पोच घ्यावी, आणि वेळ वाढल्याचं कळवलं तरी त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा एकदा स्टॉपवॉच लावून पाहावं.